गिफ्ट कार्डात १,२०२ उरायला हवे होते, मग १,०५०.५० कसे?

प्रश्न: आखाजीला माहेरी गेले तेव्हा भावाने ३,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं, एका कपड्यांच्या साखळी दुकानाचं. त्यावर धुळ्याच्या शाखेतून साडी, कुर्ता आणि चादर घेतली. ऑफर धरून बिल २,७९७ झालं, कार्डात २०३ उरले. कुर्त्याची शिलाई पहिल्याच धुण्यात उसवली म्हणून १२ जूनला तो परत केला. कुर्ता ९९९ चा होता, म्हणजे एकूण १,२०२ व्हायला हवेत. पण कार्डात २०३ च आहेत आणि वेगळी क्रेडिट नोट दिली ती ८४७.५० ची. कार्डावर 'वैधता एक वर्ष' छापलंय, पण ॲपमध्ये ९ नोव्हेंबर दिसतं. क्रेडिट नोटची मुदत १० सप्टेंबर. माझे दीडशे रुपये कुठे गेले आणि या तारखा अशा कशा?

उत्तर: ताई, दीडशे रुपये कुणी खाल्ले नाहीत. ते तुम्ही कधी दिलेच नव्हते. पण क्रेडिट नोटच्या तारखेबाबत मात्र दुकानाला जाब विचारण्यासारखं आहे. जळगाव-धुळ्याकडच्या दुकानांच्या बिलिंगचा हिशेब बघणं हेच माझं काम असल्याने ही तक्रार वरचेवर कानावर येते, आणि दर वेळी माणसं हिशेबाच्या बरोबर असलेल्या भागावर भांडतात व चुकीचा भाग तसाच सोडून देतात.

आधी पैसे बघू. साडी, कुर्ता आणि चादर मिळून तुमचं बिल २,७९७ झालं. कुर्ता ९९९ चा होता हे तुम्ही सांगितलंच आहे. साडी १,४९९ आणि चादर ७९९ ची असेल तर छापील किमतींची बेरीज ३,२९७ होते, आणि त्यातून ५०० वजा केले की बरोबर २,७९७ येतात. म्हणजे ऑफर '३,००० च्या खरेदीवर ५०० सूट' अशी असणार. साडी-चादरीच्या किमती मी बेरजेवरून काढल्यात. तुमच्या बिलावर त्या वेगळ्या असतील तर पुढचं गणित त्या आकड्यांनी करा, पद्धत तीच राहील.

ही ५०० ची सूट तुम्हाला बिलाच्या तळाशी एकरकमी दिसते. बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र ती तशी ठेवत नाही, प्रत्येक वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात वाटून टाकतं. ३,२९७ मध्ये ९९९ चा जो हिस्सा, तोच हिस्सा ५०० मधून कुर्त्याच्या नावावर जातो. ९९९ ला ३,२९७ ने भागा, ५०० ने गुणा, की १५१.५० येतात. तेवढी सूट कुर्त्याला मिळाली, म्हणून कुर्ता तुम्हाला ८४७.५० ला पडला. साडीच्या वाट्याला २२७.३३ आणि चादरीच्या वाट्याला १२१.१७ आले. तिन्हींची बेरीज करून बघा, बरोबर ५०० होते. कुर्ता परत केला तेव्हा दुकानाने त्याची दिलेली किंमत परत केली, छापील किंमत नाही. तुमचे 'हरवलेले' १५१.५० म्हणजे कुर्त्याच्या वाट्याची सूट.

ही वाटणी करण्यामागे कारण आहे. जीएसटी प्रत्येक वस्तूवर, सूट वजा जाता उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणून सूट वस्तूवार वाटल्याशिवाय बिल बनवताच येत नाही. तुमच्या बिलाची लांब प्रत, म्हणजे ईमेलवर किंवा ॲपमध्ये मिळते ती, उघडून बघा. त्यात वस्तूच्या ओळीतच सूट आणि त्यापुढे निव्वळ रक्कम असा रकाना असतो. कुर्त्याच्या ओळीत ८४७.५० दिसलं की या रकमेबद्दलचा वाद तिथेच संपला. काउंटरवर मिळणाऱ्या अरुंद चिठ्ठीवर हा रकाना बहुतेक वेळा जागेअभावी गाळलेला असतो, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

काही दुकानं दुसऱ्या पद्धतीने जातात, तीही सांगतो, कारण तिच्यात ग्राहकाला खरा फटका बसतो. ते म्हणतात, कुर्ता परत आल्यावर तुमची खरेदी २,२९८ उरली, ३,००० च्या खाली गेली, म्हणजे ऑफर तुम्हाला लागूच नाही. मग साडी आणि चादर पूर्ण किमतीला धरतात आणि २,७९७ मधून २,२९८ वजा करून उरलेले ४९९ परत देतात. नऊशे नव्व्याण्णवचा कुर्ता आणि हातात चारशे नव्व्याण्णव. तुमच्या बाबतीत असं झालेलं नाही. झालं असतं तर मी म्हटलं असतं की ही अट विकण्याआधी बोर्डावर किंवा बिलावर स्पष्ट लिहिलेली होती का ते बघा, आणि नसेल तर मान्य करू नका. वस्तू सदोष निघाली म्हणून परत करताना ऑफर मोडल्याचा भुर्दंड ग्राहकावर टाकणं मला तरी पटत नाही, मग ती अट छापलेली असो की नसो.

जीएसटीचा एक संशय मध्येच काढून टाकतो. पुष्कळांना वाटतं, परत करताना टॅक्स कापून घेतला म्हणून रक्कम कमी आली. तसं नसतं. ८४७.५० मध्ये कर धरलेलाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्या हिशेबाने यात मूळ किंमत ८०७.१४ आणि कर ४०.३६ आहे, आणि दोन्ही तुम्हाला परत मिळालेत. भावाने कार्ड विकत घेतलं तेव्हाही त्यावर कर लागलेला नाही. व्हाउचरचा व्यवहार म्हणजे वस्तूची विक्री नव्हे, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. कर कार्ड वापरून वस्तू घेतली तेव्हाच लागतो. म्हणून ३,००० चं कार्ड ३,००० चंच असतं, त्यातून आधीच काही कापलेलं नसतं.

आता तारखा. कार्डाचं एक वर्ष भावाने ते काउंटरवर पैसे देऊन चालू करून घेतलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला मिळालं त्या दिवसापासून नाही. ॲपमध्ये ९ नोव्हेंबर दिसतंय याचा अर्थ त्याने ते मागच्या नोव्हेंबरात घेतलं असणार आणि दिलं आखाजीला. तुमच्या हातात आलं तेव्हा पाच-साडेपाच महिने उडालेले होते. यात दुकानाची लबाडी नाही, पण कार्डावर 'वैधता एक वर्ष' एवढंच छापून चालू केल्याची तारीख न टाकणं ही दुकानाची सोय आहे, ग्राहकाची नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: थोडं वापरल्याने तारीख पुढे सरकत नाही. मोबाइलच्या रिचार्जची सवय असल्यामुळे अनेकांना वाटतं की मधून मधून वापरत राहिलं की कार्ड जिवंत राहतं. उरलेल्या २०३ रुपयांची तारीख तीच, जी ३,००० ची होती.

क्रेडिट नोटचं घड्याळ वेगळं. ती १२ जूनला नव्याने तयार झाली आणि तिला ९० दिवस दिलेत. १२ जूनच्या पुढचा दिवस पहिला धरला तर नव्वदावा १० सप्टेंबरला येतो. काही सॉफ्टवेअर नोट काढली तोच दिवस पहिला धरतात, मग ती ९ तारखेलाच संपते, म्हणून शेवटच्या दिवसावर विसंबू नका. पण मुख्य मुद्दा हा की कुर्त्यासाठी तुम्ही दिलेले पैसे नोव्हेंबरपर्यंत चालणारे होते, आणि परत मिळालेले पैसे सप्टेंबरातच मरतात. दोन महिने तुमच्या खिशातून गेले. पैशांची रक्कम बरोबर असूनही त्यांचं आयुष्य कमी केलं गेलं, आणि ते बिलावर कुठेच दिसत नाही.

हे होण्याचं कारण बहुधा काउंटरवरच्या माणसाचा शॉर्टकट असतो. परतीचा व्यवहार करताना सॉफ्टवेअर विचारतं की पैसे मूळ मार्गाने परत करायचे की क्रेडिट नोट काढायची. मूळ मार्ग निवडला की ८४७.५० तुमच्या कार्डातच जमा होतात आणि ९ नोव्हेंबरची तारीख घेतात. पण त्यासाठी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरशी जोडणी लागते, कार्डाचा नंबर पुन्हा टाकावा लागतो, बऱ्याच ठिकाणी मॅनेजरचा पासवर्डही लागतो. क्रेडिट नोट शाखेतल्या शाखेत एका मिनिटात निघते. रविवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत आलेली असताना मुलगा कोणतं बटण दाबेल, हे सांगायला नको.

तुमच्या बाबतीत हे बटण चुकीचं होतं असं मी म्हणतो, कारण तुम्ही कुर्ता आवडला नाही म्हणून परत केलेला नाही, तो सदोष निघाला म्हणून केला. हा फरक मोठा आहे. मन बदललं म्हणून वस्तू परत घेणं ही दुकानाची मर्जी, तिथे ते क्रेडिट नोटची अट घालू शकतात. सदोष मालाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचा मोबदला परत द्यायला नकार देणं ही त्यातली एक प्रथा आहे. मुदत बिलावर छापली असेल ती, आणि छापलेलीच नसेल तर ३० दिवस. मोबदला परत द्यायचा, बदल्यात कागद द्यायचा नव्हे. तुमचा मोबदला गिफ्ट कार्डातून गेला होता, त्यामुळे रोख मागण्याबाबत दुकान वाद घालू शकेल. पण किमान तो ज्या कार्डातून गेला त्या कार्डात, त्याच तारखेसह परत यायला हवा, एवढं तुम्ही ठामपणे मागू शकता.

म्हणून भांडायचं असेल तर १५१ रुपयांवर नको, या मुद्द्यावर भांडा. धुळ्याच्या शाखेत मूळ बिल, क्रेडिट नोट आणि कार्ड घेऊन जा. काउंटरला न विचारता मॅनेजरला सांगा की ही नोट रद्द करून रक्कम मूळ कार्डात टाका, माल सदोष होता. नोट वापरलेली नसेल तर ती रद्द करता येते, एकदा एक रुपयाही वापरला की फार अवघड होतं. त्यामुळे हे आधी करा, खरेदी नंतर. नाही ऐकलं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला बिल क्रमांक टाकून ईमेल करा, आणि तिथेही दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परतीच्या पावतीवर 'कारण' असा रकाना असतो, तिथे काय छापलंय तेही आजच बघून ठेवा. 'ग्राहकाची पसंती बदलली' असं असेल तर ते दुरुस्त करून मागा, कारण पुढे तोच कागद तुमच्या विरुद्ध दाखवला जाईल.

समजा मॅनेजरने ऐकलं नाही आणि नोट आहे तशीच वापरावी लागली. मग क्रम महत्त्वाचा. आधी क्रेडिट नोट, मग कार्ड, उरलं तर यूपीआय, हे बिल बनवण्याआधीच सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत तर कार्ड आधी स्वाइप होतं आणि लवकर संपणारी नोट मागे राहते. दुसरं म्हणजे क्रेडिट नोट अनेक दुकानांत एकदाच वापरता येते. तुम्ही ६०० ची वस्तू घेतली तर उरलेल्या २४७.५० ची नवी नोट मिळेल की ते बुडतील, हे नोटेच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. नवी नोट मिळालीच तरी तारीख जुनीच राहते. त्यामुळे ८४७.५० पेक्षा थोडी महाग वस्तू घेणं सगळ्यांत सुरक्षित. समजा ९९५ ची वस्तू घेतली. नोटेतून ८४७.५० गेले, उरलेले १४७.५० कार्डातून गेले आणि कार्डात ५५.५० राहिले.

हे पन्नास पैसे पुढे त्रास देतील, आताच सांगून ठेवतो. दुकानाचं बिल पूर्ण रुपयात गोळा होतं, पण कार्डाचं खातं पैशांपर्यंत जपलं जातं. काही ठिकाणी कार्डातून फक्त पूर्ण रुपयेच वळते करता येतात, तिथे १४७ च कापले जातील, वरचे ५० पैसे बिलातल्या 'राउंड ऑफ'च्या ओळीत जातील आणि कार्डात ५६ दिसतील. दोन्ही बरोबर आहे. आठ-बारा आण्यांचा फरक दिसला तर तो राउंड ऑफ समजा. पण फरक एखाद्या बिलाच्या पूर्ण रकमेएवढा असेल, तर कारण बहुधा दुसरंच असतं.

ते दुसरं कारण आपल्या भागात नेहमीचं आहे. काउंटरवरून कार्ड वळतं करण्याची मागणी मुख्य सर्व्हरकडे जाते, तिथे रक्कम कापली जाते, आणि उत्तर परत येण्याच्या आत नेट जातं किंवा लाइट जाते. काउंटरच्या पडद्यावर 'अयशस्वी' येतं, मुलगा पुन्हा स्वाइप करतो, आणि सर्व्हरच्या खात्यात एकाच बिलापोटी दोनदा रक्कम निघते. चांगल्या यंत्रणेत अशी अर्धवट वजावट काही तासांत किंवा दिवस संपताना आपोआप उलटते, पण नेहमीच नाही. ॲपमध्ये किंवा काउंटरवर कार्डाचा व्यवहारवार उतारा मागा, नुसती शिल्लक विचारू नका. उताऱ्यात काही मिनिटांच्या अंतराने सारखीच रक्कम दोनदा दिसली आणि बिल क्रमांक एकाच ओळीपुढे असला, तर दुसरी ओळ तुमची आहे, ती परत मिळायला हवी. तुमच्या कार्डात ३,००० वजा २,७९७ असे चोख २०३ आहेत, म्हणजे हा प्रकार तुमच्याकडे झालेला नाही. पण तुमच्या भावाने असंच कार्ड आणखी कुणाला दिलं असेल तर त्यांना सांगून ठेवा.

शेवटी, मुदत संपली तर काय? कार्ड कोणाचं आहे यावर ते ठरतं. तुमचं कार्ड एकाच दुकानाच्या साखळीचं आहे, तिथेच चालतं. अशा कार्डावर रिझर्व्ह बँकेची प्रीपेड साधनांची नियमावली लागू होत नाही, मुदत दुकान ठरवतं, आणि ९ नोव्हेंबरनंतर शिल्लक बुडाली तर कंपनीची विनवणी करणं किंवा ग्राहक आयोगात जाणं एवढंच हातात राहतं. मुदतीनंतर आठवड्या-पंधरवड्यात विचारलं तर मॅनेजरच्या अधिकारात ती वाढवून मिळते असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. महिने उलटल्यावर कुणी ऐकत नाही. अनेक दुकानांत चालणारी, बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेली कार्डं मात्र वेगळी. त्यांच्या मागे काढणाऱ्याचं नाव दुकानाहून वेगळं असतं. २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमावलीप्रमाणे अशा गिफ्ट कार्डाची रक्कम १०,००० च्या वर असू शकत नाही, मुदत किमान एक वर्षाची द्यावी लागते आणि मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते. मुदत उलटल्यावरही ग्राहकाने मागितली तर उरलेली रक्कम त्याच्या बँक खात्यात परत द्यावी लागते. काढणारी बँकेतर कंपनी असेल, तर ती शिल्लक तिला मुदतीनंतर किमान तीन वर्षं स्वतःच्या नफ्यात घेता येत नाही. तुमच्या घरात अशी एखादी जुनी, मुदत संपलेली कार्डं ड्रॉवरमध्ये पडली असतील, तर ती फेकू नका. मागच्या बाजूचं नाव वाचा आणि त्या कंपनीला शिल्लक परत देण्याबद्दल लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.